चौघांचा एक लॅपटॉप आणि क्लासचं ॲप

लेक यंदा दहावीत गेला. शनिवारी, ७ जूनला दुपारी क्लासचा मेसेज आला की तास १६ जूनपासून सुरू होतील, १५ तारखेला रविवारी सकाळी चाचणी तास आहे आणि त्याआधी सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवर क्लासचं ॲप बसवून घ्यावं. मोबाइल चालणार नाही, कारण दर आठवड्याची परीक्षा त्याच ॲपमधून आणि फक्त लॅपटॉपवरच होणार होती. फीचा पहिला हप्ता, ९,००० रुपये, मे महिन्यातच भरून झाला होता. एक फाइल उतरवायची आणि दोनदा क्लिक करायचं, एवढंच काम दिसत होतं. त्यात सात दिवस गेले. त्यानंतर इतर पालकांचे इतके फोन आले, की काय काय घडलं ते क्रमाने लिहून ठेवते आहे.

आमचा लॅपटॉप २०२१ सालचा आहे. टाळेबंदीत धाकट्या दिरांनी घेतला आणि त्यांनीच तो सुरू करून दिला. चालू केला की पाच नावं दिसतात: भाऊजी, मी, माझा नवरा, लेक आणि सासूबाई. भाऊजी २०२२ मध्ये म्युनिकला गेले आणि लॅपटॉप आमच्याकडे राहिला. त्यांचं नाव तिथे होतं, पण त्याला कुणी हात लावत नव्हतं.

त्या संध्याकाळी लेकाने त्याच्या नावाने लॉगिन करून फाइल उतरवली आणि क्लिक केलं. स्क्रीन काळवंडली आणि मधोमध एक खिडकी आली. तिच्यात भाऊजींचं नाव होतं आणि खाली पिन मागणारी चौकट. लेकाने स्वतःचा पिन टाकला, चालला नाही. मी माझा टाकला, तोही नाही. मला वाटलं ॲपच बिघडलेलं आहे, म्हणून फाइल पुन्हा उतरवली. पुन्हा तीच खिडकी.

ही खिडकी तुमच्याकडेही आली तर तिच्यातलं नाव आधी वाचा. ती बिघाड सांगत नाही, या लॅपटॉपचा मालक कोण ते सांगते. विंडोजमध्ये खाती दोन प्रकारची असतात. एक ॲडमिनचं, ज्याला लॅपटॉपमध्ये काहीही बसवायची मुभा असते, आणि दुसरं साधं, ज्याला स्वतःचं काम करता येतं, पण सगळ्यांवर परिणाम होईल असा बदल करता येत नाही. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना जे खातं तयार होतं ते आपोआप ॲडमिन होतं. नंतर जोडलेली खाती मुद्दाम बदलली नाहीत, तर साधीच राहतात. आमच्याकडे भाऊजींचं पहिलं आणि आमची चारही साधी. चार वर्षांत ते कुणाला कळलं नाही, कारण तोवर नवं काही बसवायची वेळच आली नव्हती.

खात्री करून घ्यायची असेल तर स्टार्टमध्ये `cmd` टाइप करून `Command Prompt` ची काळी खिडकी उघडा आणि हे लिहा. साध्या खात्यातूनही चालतं.

```
net localgroup Administrators
```

ॲडमिन असलेल्यांची यादी येते. त्यात `Administrator` असं एक नाव असतंच. ते विंडोजचं स्वतःचं राखीव खातं असून सहसा बंद असतं, त्यामुळे ते सोडून द्या. आमच्या यादीत त्याशिवाय एकच नाव होतं, तेही पाच अक्षरांचं आणि अर्धवट. मी बराच वेळ ते कुणाचं असेल याचा विचार करत बसले. मग ध्यानात आलं की मायक्रोसॉफ्टच्या ईमेलने खातं उघडलं की विंडोज त्या ईमेलची पहिली पाच अक्षरं उचलून आत नाव ठेवतं. ती भाऊजींच्या ईमेलची पहिली पाच अक्षरं होती.

रविवारी ८ तारखेला भाऊजींना फोन लावला. ते म्हणाले, “वहिनी, पिन मला अजिबात आठवत नाही. आणि पासवर्ड तर मी कधी टाकलाच नाही, पिननेच उघडायचो.” पिन त्या एका लॅपटॉपपुरताच असतो. तो त्याच्यातच साठवलेला असतो, म्हणून लांबून कुणाला काढता किंवा बदलता येत नाही. पासवर्ड मात्र मायक्रोसॉफ्टकडे असतो आणि तो म्युनिकमध्ये बसूनही नव्याने घेता येतो. भाऊजींनी तसा प्रयत्न सुरू केला. ओळख पटवायला कोड कुठे पाठवू म्हणून दोन पर्याय आले: त्यांचा भारतातला जुना नंबर, जो बंद होऊन तीन वर्षं झाली, आणि कॉलेजच्या काळातला एक ईमेल, ज्याचा पासवर्ड त्यांना आठवत नव्हता. दोन्ही नसेल तर एक लांबलचक फॉर्म भरायचा असतो. त्यात जुने पासवर्ड, अलीकडे पाठवलेल्या मेलचे विषय असलं काय काय विचारतात आणि उत्तर यायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. त्यांनी आधी तो जुना ईमेल उघडायची खटपट करायचं ठरवलं. त्यांची ड्यूटी आणि साडेतीन तासांचा फरक यात मंगळवार उजाडला.

मधे सोमवारी मी लॅपटॉप घेऊन बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. त्यांनी पाच मिनिटं पाहिलं आणि फॉरमॅट मारावा लागेल, ७०० रुपये, परवा संध्याकाळी या, असं सांगितलं. त्याने काम झालं असतं हे खरं, कारण फॉरमॅटनंतरचं पहिलं खातं आमचंच असतं. पण त्या लॅपटॉपमध्ये सासूबाईंनी दोन वर्षं बसून स्कॅन केलेली त्यांच्या वडिलांची हस्तलिखित कीर्तनाची वही आहे, दुसरीकडे कुठेही नाही. मी लॅपटॉप परत घेऊन आले. पासवर्ड मिळण्याचा एक जरी मार्ग शिल्लक असेल तर फॉरमॅटला हो म्हणू नका. आणि म्हणायचीच वेळ आली, तर आधी प्रत्येकाच्या खात्यात शिरून त्याचं सामान पेनड्राइव्हवर काढून घ्या. दुकानदाराला एकच खातं दिसतं, बाकीच्यांत काय आहे ते त्याला ठाऊक नसतं.

मंगळवारी १० तारखेला रात्री सव्वाअकराला भाऊजींचा फोन आला. जुना ईमेल उघडला होता, कोड आला होता, नवा पासवर्ड तयार होता. त्यांनी फोनवर एकेक अक्षर सांगितलं आणि मी वहीत लिहून घेतलं. इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. लॉगिनच्या पडद्यावर पिनची चौकट येते, तिच्याखालच्या `Sign-in options` मधून किल्लीचं चित्र निवडलं की पासवर्डची चौकट येते. आणि त्या वेळी लॅपटॉप वायफायला जोडलेला असायलाच हवा, कारण नवा पासवर्ड त्याला अजून ठाऊक नसतो, तो इंटरनेटवरून पडताळून घ्यावा लागतो. मी पहिल्यांदा वायफाय न जोडताच टाकला आणि तो चुकीचा आहे असं उत्तर आलं. पोटात गोळाच आला. उजव्या कोपऱ्यातल्या वायफायच्या खुणेवर क्लिक करून जोडलं, पुन्हा टाकला आणि उघडलं.

भाऊजींच्या खात्यातून मी एकच काम केलं. `Settings`, मग `Accounts`, मग `Family & other users`, तिथे माझ्या नावावर क्लिक करून `Change account type` आणि यादीतून `Administrator`. बाहेर पडून माझ्या खात्यात शिरले आणि वरची काळी खिडकी पुन्हा उघडून पाहिली. यादीत आता माझंही नाव होतं. भाऊजींनी तिकडे लगेच जुन्या नंबरच्या जागी जर्मनीतला नंबर घातला. ओळख पटवायला तो जुना ईमेल हाताशी होता म्हणून ते जमलं. ओळखीची सगळीच साधनं बंद पडली असती आणि सगळीच बदलावी लागली असती, तर मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबायला लावतं. तेव्हा घरातल्या ज्या कुणाच्या नावावर लॅपटॉप असेल, त्याच्या खात्याला आज चालू असलेला नंबर जोडलेला आहे ना, ते आजच बघून घ्या. नंबर बदलणारी तरुण मंडळी घरात असतील तर नक्कीच.

बुधवारी ११ तारखेला सकाळी मी निर्धास्त होते. लेकाच्या खात्यात फाइलवर क्लिक केलं, खिडकी आली, या वेळी माझ्या नावाची. माझा पिन टाकला. हिरवी पट्टी पुढे सरकत गेली, शेवटी झालं असं आलं. लेकाने स्टार्ट उघडला, तर ॲपचा पत्ता नाही. डेस्कटॉपवर नाही, शोधून सापडेना. पुन्हा बसवलं, पुन्हा झालं असं आलं, पुन्हा गायब. क्लासच्या मदतीच्या नंबरवर फोन केला तर त्यांनी “रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करा” असं सांगितलं. उजवं क्लिक करून तेही केलं. तिसऱ्यांदा तेच.

उलगडा गुरुवारी सकाळी झाला, तोही अवचित. मी लाइट बिल भरायला माझ्या खात्यात शिरले आणि माझ्या डेस्कटॉपवर क्लासच्या ॲपचं चिन्ह दिसलं.

ही गोष्ट सामायिक लॅपटॉपवर सगळ्यांत जास्त फसवते, म्हणून जरा सावकाश सांगते. ॲप दोन ठिकाणी बसू शकतं. एक म्हणजे `C:\Program Files`, ही सगळ्या घराची सामायिक कोठी, तिथे बसलं की प्रत्येकाला दिसतं. दुसरं म्हणजे ज्या व्यक्तीच्या नावाने बसवलं जातंय तिच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, `C:\Users` च्या आत त्या व्यक्तीचं नाव आणि त्याच्या आत `AppData`. हे म्हणजे ज्याच्या त्याच्या कपाटासारखं, दुसऱ्याला त्यातलं दिसत नाही. आमच्या क्लासचं ॲप दुसऱ्या प्रकारचं होतं. आता लेकाच्या खात्यात बसून मी जेव्हा माझा पिन टाकला, तेव्हा विंडोजने ते काम लेकाच्या नावाने केलंच नाही, माझ्या नावाने केलं. मग ते माझ्या कपाटात जाऊन बसलं. पडद्यावर लेकाचं खातं उघडं होतं म्हणून आमची समजूत अशी, की बसतंय तेही त्याच्याकडेच.

मग स्वतःच्याच कपाटात बसणाऱ्या ॲपला परवानगी कशाला लागावी? हा प्रश्न मलाही पडला होता. पुष्कळदा ती लागत नाहीच. पण काही जुन्या धाटणीच्या फाइली आपल्याला काय हवं ते विंडोजला सांगत नाहीत. अशा फाइलीच्या नावात setup किंवा install असं काही असलं, की विंडोज स्वतःच अंदाज बांधतं आणि ॲडमिनला बोलावतं. आमच्या फाइलीच्या नावात setup होतंच.

तुमचं ॲप कुणाच्या कपाटात गेलंय ते ओळखायचं असेल, तर ते ज्या खात्यात दिसतंय तिथल्या डेस्कटॉपवरच्या चिन्हावर उजवं क्लिक करून `Open file location` बघा. वरच्या पट्टीत जी वाट दिसेल तिच्यात `Program Files` असेल तर प्रश्न नाही. `Users` आणि पुढे कुणाचं नाव असेल तर ते त्या एकाच व्यक्तीचं आहे.

उपाय दोन आहेत. पहिला, क्लासकडे सगळ्या खात्यांसाठी बसणारी फाइल मागायची. काही ॲपची तशी वेगळी फाइल असते, आमच्या क्लासकडे नव्हती. दुसरा मी केला. माझ्या खात्यातून लेकाला तात्पुरतं ॲडमिन केलं, त्याला साइन आउट करून पुन्हा आत घेतलं, कारण त्याशिवाय नवा अधिकार लागू होत नाही. मग फाइल त्याच्याच नावाने चालवली. आता खिडकीने पिन मागितला नाही, फक्त हो का नाही एवढंच विचारलं. म्हणजे काम त्याच्याच नावाने होणार होतं. बसवून झाल्यावर त्याला परत `Standard User` करायचं, असं ठरलं होतं.

पट्टी अर्ध्यावर गेली आणि थांबली. जागा अपुरी.

रडू यायचंच बाकी होतं. पण हेही माझ्याच आदल्या दिवशीच्या खटाटोपातून आलं होतं. लॅपटॉपची डिस्क २५६ जीबीची आहे, विंडोज ती २३७ दाखवतं. बुधवारी सकाळी त्यात साधारण २ जीबी मोकळी होती. ॲप १.१ जीबीचं. ते माझ्या कपाटात बसून राहिलं आणि लेकासाठी ९०० एमबीच उरले. वर असं, की बसताना फाइल आधी एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते आणि मग आपल्या जागी जाते, म्हणून ॲपच्या आकारापेक्षा बरीच जास्त जागा लागते. माझ्या खात्यात जाऊन ॲप काढून टाकलं, तरी पुरेना.

मी रीसायकल बिन रिकामी केली, फरक जवळजवळ शून्य. नवरा म्हणाला, “मागच्या महिन्यात मी गावच्या लग्नाचे सगळे व्हिडिओ उडवले की.” उडवले होते, पण त्याच्या खात्यातून. प्रत्येक खात्याची रीसायकल बिन वेगळी असते. माझ्या खात्यातली बादली रिकामी केली म्हणून त्याची रिकामी होत नाही, आणि बादलीत पडलेली फाइल डिस्कवर जागा अडवूनच बसलेली असते. त्याच्या खात्यात जाऊन बादलीवर उजवं क्लिक केलं आणि `Empty Recycle Bin` म्हटलं. १४ जीबी मोकळी झाली. सासूबाईंच्या बादलीला मात्र त्यांना शेजारी बसवूनच हात लावला. आत तीन फाइली होत्या, त्यातली एक वहीच्या पानाची निघाली. ती परत जागेवर ठेवली.

कुणाच्या खात्याने किती जागा घेतलीय ते ॲडमिनला एका जागी दिसतं: `Settings`, `System`, `Storage`, मग `Show more categories`, आणि तिथे `Other people`. आत काय आहे ते तिथे दिसत नाही, आकडा तेवढा दिसतो, पण कुणाच्या खात्यात जाऊन पाहायचं हे कळायला तो पुरतो.

शुक्रवारी १३ तारखेला संध्याकाळी ॲप लेकाच्या खात्यात बसलं आणि उघडलंही. मी त्याला लगेच साधा वापरकर्ता केलं. तो कुरकुरला, “आई, राहू दे ना, पुढच्या वेळी परत तुलाच बोलवावं लागेल.” बोलवू दे. साध्या खात्यातून नको ती फाइल चालवली गेली तर निदान ती खिडकी येते आणि कुणीतरी नाव वाचतं. ॲडमिन असला तर नुसतं हो म्हणून मोकळा होतो, आणि त्याचा परिणाम आजीच्या वहीपर्यंत पोचतो. ॲप त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असल्यामुळे त्याचे अपडेट त्याच्या साध्या खात्यातूनही होतात, हे पुढच्या आठवड्यात पाहिलंच.

शनिवारी १४ तारखेला लेकाच्या वर्गातल्या तिघांच्या आया लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आल्या. जेवणाच्या टेबलावर तीन लॅपटॉप, चहाचे कप आणि चार्जरच्या वायरींचा गुंता.

पहिलीने विचारलं, “ताई, आमच्यात परवानगीबिरवानगी काहीच मागत नाही. सरळ सांगतो की स्टोअरमधलंच ॲप चालेल. असं का?” तिचा लॅपटॉप नवा होता, मागच्या दिवाळीचा. `Settings`, `System`, `Activation` उघडलं तर तिथे एस मोड असं स्पष्ट लिहिलेलं. काही लॅपटॉप दुकानातूनच असे येतात. या अवस्थेत फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधली ॲप बसतात, बाहेरची फाइल ॲडमिनलाही चालवता येत नाही. तिने चार दिवस नवऱ्याचा पासवर्ड पुन्हापुन्हा टाकून पाहिला होता, पण इथे तो प्रश्नच नव्हता. त्याच पानावरून स्टोअरमध्ये जाता येतं आणि `Get` दाबलं की एस मोड जातो. त्याला पैसे पडत नाहीत, आणि कुणी मागितले तर देऊ नका. फक्त एवढं, की एकदा बाहेर पडलं की परत आत जाता येत नाही. तिने नवऱ्याला फोन करून विचारलं आणि मग दाबलं. पाच मिनिटांत ॲप बसलं.

दुसरीचा प्रश्न होता, “निळी पाटी येते, विंडोजने तुमचा पीसी वाचवला म्हणून. वाचवला म्हणजे ॲपमध्ये व्हायरस आहे का?” ही पाटी फाइल फारशी कुणी उतरवलेली नसली, तिची ओळख विंडोजला नसली, तरी येते. छोट्या क्लासच्या ॲपचं हमखास असं होतं. `More info` वर क्लिक केलं की `Run anyway` दिसतं. पण ते दाबण्याआधी मी तिला विचारलं की फाइल आणली कुठून. तिला ती कुणीतरी व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेली होती. आम्ही ती पुसली, क्लासच्या साइटवरून नवी उतरवली. पाटी तरीही आली, पण आता फाइल कुठली ते ठाऊक होतं, म्हणून पुढे गेलो.

तिसरीचं मात्र काही करता आलं नाही. लॅपटॉप तिच्या नवऱ्याच्या कंपनीचा होता आणि पाटीवर लिहिलं होतं की तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरने हे ॲप अडवलं आहे. इथे ॲडमिन म्हणजे घरातलं कुणी नव्हे, कंपनीचा आयटी विभाग. त्यांचे नियम लांबून लावलेले असतात, त्यामुळे घरी खटपट करण्यात अर्थ नाही. कुणीतरी तिला फॉरमॅट मारायला सांगितलं होतं, ते तर मुळीच करू नये, नोकरीवर बेततं. मी तिला एवढंच सांगितलं की आयटीला लेखी विचारा, आणि तोवर क्लासला विचारा की तास ब्राउझरमधून चालतात का. आमच्या क्लासचे तास ब्राउझरमध्ये चालतात, परीक्षा तेवढी चालत नाही, हे तेव्हा कळलं. मला ते ७ तारखेलाच विचारायला हवं होतं. कंपनीने परवानगी नाकारली. मुलगी तास ब्राउझरमध्ये करते आणि शनिवारी परीक्षेला आमच्याकडे येते. तिच्यासाठी आमच्या लॅपटॉपवर वेगळं खातं काढलं आहे, साधं.

रविवारच्या चाचणी तासाला एक छोटी अडचण आली. लेकाचा कॅमेरा काळा. नवऱ्याने सकाळी त्याच्या खात्यात व्हिडिओ कॉल केला होता आणि उठताना साइन आउट न करता नुसतं खातं बदललं होतं. त्याचं सगळं मागे चालूच होतं, कॅमेराही त्याच्याकडेच अडकलेला. तो साइन आउट झाला आणि कॅमेरा सुटला. ॲप बसवतानाही याच कारणाने अडू शकतं. दुसऱ्या खात्यात अर्धवट राहिलेलं काही बसत असेल, तर आणखी एक काम आधीच चालू आहे अशी पाटी येते. तेव्हा सगळ्यांनी साइन आउट करून लॅपटॉप एकदा `Restart` करावा आणि मग बसवावं.

सोमवारी १६ तारखेला साडेपाचला तास सुरू झाला. मी स्वयंपाकघरातून सरांचा आवाज ऐकला आणि कुकर लावला.

२२ जूनच्या रविवारी भाऊजी व्हिडिओ कॉलवर आले. खातं काढून टाकलं की त्यातल्या फाइलीही जातात, म्हणून आधी त्यांच्या खात्यातले फोटो पेनड्राइव्हवर काढले. त्यात २०२१ चा सासऱ्यांचा पंचाहत्तरीचा सोहळा निघाला, जो सगळ्यांना वाटत होतं की हरवला. मग माझ्या खात्यातून त्यांचं खातं काढून टाकलं, आणि त्यांनी तिकडे पासवर्ड बदलून टाकला. वहीतलं ते पान मी फाडलं. माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि त्याला जोडलेला नंबर एका कागदावर लिहून तो रेशन कार्डाच्या फाइलीत ठेवला आहे, आणि कुठे ठेवलाय ते नवऱ्याला आणि लेकाला दाखवलं आहे. आमचं विंडोज १० होतं, आणि त्याला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. लॅपटॉप विंडोज ११ ला चालेल का, ते पाहायचं काम दिवाळीच्या आधी करायचं, असं त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवलं होतं.